टायअपला नाही म्हणा, पण दाराला कडी लावू नका

भुसावळात माझा काळ्या मसाल्याचा छोटा धंदा आहे. वर्षातून चार-पाच जण तरी येतात. "ताई, टायअप करू. तुमच्या पुड्यात आमचं कूपन, आमच्या काउंटरवर तुमचा बोर्ड." माणूस चांगला असतो, गावातलाच असतो, रोज तोंड पाहायचं असतं. गिऱ्हाईक मात्र त्याचं वेगळं आणि आपलं वेगळं. अशा वेळी नाही कसं म्हणायचं, ते लिहिते.

आधी बिलबुक काढा. शेवटची पन्नास बिलं चाळा आणि यातल्या किती घरांतलं माणूस समोरच्याच्या दुकानात पाय ठेवील ते मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. दहा-बारा निघाली तर प्रस्ताव पुन्हा ऐकून घ्या. दोन-तीनच निघाली तर दोन दिवसांत उत्तर द्या, लांबवू नका.

खरी अडचण कारण सांगताना येते. माझी इथेच फजिती झाली होती. मोबाइलची कव्हरं विकणारा एक भाऊ ऐन मार्चमध्ये आला. उन्हाळाभर वर्षाचा मसाला भरायला बायकांची रांग असते, म्हणून मी म्हटलं, "आता सीझन आहे भाऊ, मग पाहू." मला वाटलं, समजला. जूनमध्ये पाऊस पडला, रांग संपली आणि हा हजार कूपनं छापून दारात उभा. वर माझ्या दुकानाचं नाव! छपाईचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, आणि पुढे कित्येक महिने रस्त्यात दिसला की मान वळवायचा. चूक माझी होती. सीझन हे खरं कारण नव्हतंच, आणि सीझन कधी ना कधी संपतो.

दुसऱ्या एकाला मी "एवढी सूट परवडत नाही" असं सांगितलं, तर तो दुसऱ्या दिवशी त्या सवलतीचा अर्धा भार स्वतः उचलायला तयार होऊन आला. आता काय बोलणार? तेव्हापासून माझं ठरलंय: तारीख बदलून किंवा पैसे वाढवून मिटेल असं कारण द्यायचंच नाही. गिऱ्हाईक जुळत नाही, हे कारण तसं मिटत नाही. फक्त ते आपल्या बिलांवरून सांगायचं. "आमचे लोक जरा वेगळे आहेत" असं मोघम बोललात, तर समोरच्याला वाटतं त्याच्या गिऱ्हाइकाला कमी लेखलं.

गेल्या वर्षी एका जिमवाल्या भाऊंना नाही म्हणायचं होतं. ते स्वतः येऊन बोलले होते, म्हणून आधी फोन केला, आणि नंतर गैरसमज नको म्हणून हे पाठवलं:

"भाऊ, नमस्कार. तुम्ही स्वतः येऊन बोललात, बरं वाटलं. मी बिलं काढून पाहिली. माझ्याकडून मसाला नेणाऱ्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या, वर्षाचा एकदम भरणाऱ्या. तुमच्याकडची पोरं विशीतली, त्यांच्या घरी मसाला आई आणते. पुड्यातलं कूपन डबा भरताना केरात जाईल आणि तुमचा छपाईचा खर्च वाया जाईल. म्हणून हे टायअप मी करत नाही. बायकांसाठी सकाळची बॅच सुरू केलीत तर मात्र मला आवर्जून सांगा, तेव्हा नव्याने बोलू."

यात "करत नाही" असं सरळ लिहिलंय ते बघा. "सध्या जमणार नाही" लिहिलं असतं तर "सध्या" या एका शब्दावर पुढचे सहा महिने फोन आले असते. माफीही मागितलेली नाही. धंद्यातलं नाही म्हणजे काही गुन्हा नव्हे.

शेवटच्या वाक्याबद्दल मी फार हट्टी आहे. "पुढे नक्की काहीतरी करू" हे लिहू नका, त्याला काही अर्थ नसतो. त्याच्या बाजूला नेमकं काय बदललं तर तुम्ही खरोखर हो म्हणाल, तेवढंच लिहा. असं काही सुचतच नसेल तर ते वाक्य गाळा आणि नमस्कार करून थांबा. गिऱ्हाइकांचे फोन नंबर एकमेकांना देऊ, असा विषय निघाला तर त्याला मात्र कसलीही अट न घालता नाही म्हणा.

बायकांची बॅच काही त्या भाऊंनी अजून सुरू केली नाही. पण डिसेंबरात त्यांचा फोन आला. जिमच्या पोरांची शेतात भरीत पार्टी होती, मसाला किती लागेल विचारत होते. मी म्हटलं, "भाऊ, भरिताला हिरवी मिरची लागते, माझा मसाला नाही. सोबत शेवभाजी करा." दोन किलो नेला, रोख पैसे देऊन.