चष्म्याचा स्क्रू सारखा ढिला होतोय? घट्ट पिळण्याआधी या चुका टाळा

आमच्या देवगडात शेजारच्या काकींच्या चष्म्याची उजवी दांडी कायम लटकलेली असायची. त्या पिळायच्या, चारआठ दिवस बरे जायचे, की पुन्हा "स्क्रू परत ढिलो झालो रे!" अशी हाक. हंगामात त्या आंब्याची निवड करतात. डाग बघायला चष्मा लावायचा, कुणाशी बोलायला काढायचा, परत लावायचा, असं दिवसभर चालतं. त्यांच्या चष्म्यावरून सगळं समजावून सांगता येईल, कारण नेहमीच्या बहुतेक चुका त्यात एकत्र सापडल्या.

आधी स्क्रू ढिला होतो कसा ते पाहू. बिजागरी नीट निरखली तर एकावर एक बसलेल्या छोट्या नळ्या दिसतात, साधारण तीन किंवा पाच. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची नळी एकाच बाजूची असते. स्क्रूचं डोकं वरच्या नळीत बसतं आणि आटे फक्त खालच्या नळीत असतात. दुसऱ्या बाजूची नळी या दोघींच्या मध्ये फिरते. दांडी उघडताना, मिटताना ती स्क्रूच्या कमरेला घासते आणि त्याला आपल्याबरोबर किंचित फिरवू पाहते. खाली आट्यांची पकड पक्की असेल तर स्क्रू जागचा हलत नाही. पकड सैल असेल तर तो प्रत्येक वेळी केसभर सुटतो. म्हणूनच नुसतं पिळून भागत नाही. स्क्रू घट्ट करणं हे अर्धंच काम आहे, तो फिरणार नाही अशी सोय करणं हे खरं काम.

काकींची पहिली चूक खोबरेल तेलाची होती. बिजागरी कुरकुरली की बोटभर तेल लावायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. दाराच्या बिजागरीला ते चालतं, चष्म्याला नाही. तेल थेट आट्यांत उतरतं आणि स्क्रूची उरलीसुरली पकडही घालवतं. त्यात आपली किनाऱ्याची हवा, घाम आणि खारटपणा. त्यांचा स्क्रू काढला तेव्हा आट्यांत हिरवट चिकट थर बसला होता. बिजागरीच्या धातूत तांबं असलं की घामाने असा हिरवा गंज धरतो. या थरावरच स्क्रू पिळला तर हाताला घट्ट लागतो, पण आटे एकमेकांना नीट भिडलेले नसतात.

म्हणून स्क्रू पूर्ण बाहेर काढून साफ करायचा. पंखा बंद करा, पांढरा टॉवेल पसरा आणि त्यावरच काम करा. हा स्क्रू जाडीला जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर असतो, लाद्यांवर पडला तर शोधत बसाल. चुंबकाच्या भरवशावर राहू नका, यातले बरेच स्क्रू चुंबकाला लागत नाहीत. हिराच्या केरसुणीतली एक बारीक काडी घ्या, तिचं टोक सॅनिटायझरमध्ये जरासं बुडवून भोकातून आरपार फिरवा आणि काळंहिरवं येणं थांबेपर्यंत टोक पुसत राहा. स्क्रूही तसाच पुसा. सॅनिटायझर काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या फ्रेमवर ओघळू देऊ नका.

हत्यार म्हणून सुरीचं टोक वापरणं ही दुसरी चूक. टोक निमुळतं असतं, ते खाचेच्या मध्यभागीच टेकतं, घसरतं आणि खाचेच्या कडा खातं. कडा गेल्या की मग चष्मेवाल्यालाही तो स्क्रू काढणं कठीण. त्यापेक्षा एक बारीक खिळा घ्या, टोक हातोडीने चपटं करा आणि खडबडीत दगडावर घासून खाचेच्या रुंदीचं सपाट पातं बनवा. ते खाचेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसलं पाहिजे. चष्मा हातात धरून पिळू नका. घडी घातलेल्या फडक्यावर बिजागरी टेकवा, खिळा सरळ उभा धरा, वरून दाब द्या आणि मग फिरवा. ज्या स्क्रूच्या डोक्यात साधी खाच नाही, फुली किंवा चांदणी आहे, तिथे हा खिळा चालत नाही.

आता पकड. घरात पारदर्शक नेलपॉलिश असेल तर तेवढं पुरे. स्वच्छ, कोरड्या स्क्रूच्या अगदी टोकाच्या दोनतीन आट्यांना मोहरीएवढंसुद्धा नको इतकं लावा आणि स्क्रू आत फिरवा. घट्ट झाला की दांडी चारपाच वेळा उघडा-मिटा, म्हणजे मधल्या नळीला चुकून लागलेलं पॉलिश तिथे धरणार नाही. मग खाली जिथे स्क्रूचं टोक बाहेर दिसतं तिथे आणखी एक टिपका द्या आणि रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दमट हवेत ते लवकर वाळत नाही.

इथे फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद कधीही वापरू नका. तो पातळ असतो, फटीतून मधल्या नळीपर्यंत ओढला जातो आणि दांडी जाम होते. शिवाय त्याची वाफ काचेवर पांढरी धुरकट साय धरते. नेलपॉलिश काढायचं द्रावणही चष्म्यापासून लांब ठेवा, ॲसिटोनने प्लॅस्टिकची फ्रेम आणि काचा कायमच्या खराब होतात.

किती घट्ट करायचं? दांडी अर्धी उघडून सोडली तर ती तिथेच थांबावी, आणि एका बोटाने ढकलली तर सहज हलावी. याच्यापुढे जोर लावला की मऊ धातूतले आटे सोलतात.

आटे सोललेत हे ओळखणं सोपं आहे. स्क्रू शेवटी कुठेतरी अडला पाहिजे. तो फिरतच राहिला, किंवा खिळा काढताच वर उचलला गेला, तर आटे गेले. तेव्हा शिवणाच्या दोऱ्याचा एक पदर भोकात आडवा सोडून त्यावर स्क्रू फिरवला आणि वरचा दोरा कापला तर काही दिवस निभतं. स्क्रूच हरवला असेल तर मासे पकडायच्या तंगुसाचा तुकडा उत्तम. भोकातून जेमतेम जाईल अशा जाडीचा घ्या, आरपार ओवा आणि दोन्ही टोकं तापवलेल्या सुरीच्या पात्याने दाबून चपटी करा. काडेपेटी किंवा लायटर फ्रेमजवळ नेऊ नका.

काकींचे आटे शाबूत होते. साफ केलं, नेलपॉलिश लावलं, स्क्रू थांबला. पण दांडी तरीही थोडी हलत होती. चष्मा पालथा करून टेबलावर ठेवला तर एक दांडी अधांतरी. एका हाताने, उजवी दांडी धरून, बाजूला ओढत चष्मा काढायची त्यांची सवय. त्यामुळे ती दांडी दर वेळी बाहेर ताणली जाते आणि नळ्या हळूहळू फाकतात. त्या पक्कडीने दाबायचा मोह टाळा, धातू तुटतो. दोन्ही हातांनी, सरळ पुढे ओढून चष्मा काढा, आणि फाकलेली बिजागरी चष्मेवाल्याकडूनच बसवून घ्या.

बाहेरच्या बाजूला ताणून आपोआप परत येणारी, म्हणजे स्प्रिंगची दांडी असेल तर स्क्रू घरी काढूच नका. काढताच आतली स्प्रिंग दांडी मागे ओढते आणि भोकं पुन्हा एका रेषेत येत नाहीत. आटे गेलेला चष्मा दुकानात नेलात तर "स्क्रू घट्ट करून द्या" एवढंच म्हणू नका. आटे गेलेत, एक नंबर जाड स्क्रू टाका, असं स्पष्ट सांगा, आणि खाली बाहेर आलेलं टोक कापून ठोकून बसवता येईल का तेही विचारा. टोक असं पसरलं की स्क्रू मागे सुटू शकत नाही.