फॉरवर्ड कव्हर घेताय? मग या चुका टाळा, बँकेला शिव्या नंतर द्या

सातपूर-अंबडचे पार्टवाले, पिंपळगाव-दिंडोरीचे द्राक्षवाले, सगळ्यांची एक्स्पोर्टची कागदं बघून बघून आता एवढं कळलंय की चुका नवीन नसतात, माणसं नवीन असतात. फॉरवर्ड कव्हर म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आजच ठरवून टाकणं. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघायचा, 'कव्हर्ड इंटरेस्ट आर्बिट्राज', म्हणजे भाव पक्का करून दोन चलनांच्या व्याजातल्या फरकावर कमावणं, हा शब्द उचलायचा आणि सोमवारी सकाळी बँकेच्या डीलरशी भांडायला जायचं. त्यातल्या दोन चुकांवर मी जरा जास्तच बोलणार आहे, बाकीच्या पटापट उरकतो.

पहिली चूक, म्हणजे बँक लुटते म्हणून ओरडणं. गणित असं केलेलं असतं: रुपयाचं व्याज ७ टक्के, डॉलरचं ५ टक्के, फरक २ टक्के, डॉलर ८४ चा धरला, म्हणजे आजच्या भावावर प्रीमियम १ रुपया ६८ पैसे मिळायला पाहिजे. बँक देते ४० पैशाच्या आत. झालं, लूट! अहो, पण पेमेंट ९० दिवसांनी येणार आहे ना, व्याजाचे दर वर्षाचे आहेत. सूत्र हे, F फॉरवर्डचा भाव, S आजचा भाव, r व्याज, d दिवस, आणि कागदावर एकदा हाताने करून बघा:

```
F = S × (1 + r_INR × d/365) / (1 + r_USD × d/360)
F = 84 × (1 + 0.07×90/365) / (1 + 0.05×90/360)
F = 84.395
```

प्रीमियम साडेएकोणचाळीस पैसे. रुपयाला ३६५ दिवस आणि डॉलरला ३६०, हे मुद्दाम लिहिलंय, कारण दोन्हीकडे ३६० घेतले तर साडेएकेचाळीस पैसे येतात आणि लाख डॉलरवर दोन हजार रुपये हवेतून तयार होतात. पौंडाला मात्र ३६५ असतात, इंग्लंडला माल जात असेल तर लक्षात ठेवा. आणि जास्त व्याजाचं चलन खाली नाही टाकायचं, वर ठेवायचं. खाली टाकलं की ८३.६१ येतं, म्हणजे डॉलर फॉरवर्डमध्ये स्वस्त दिसायला लागतो, तरी लोक तो आकडा माझ्यापुढे बिनधास्त ठेवतात.

एवढं करूनही स्क्रीनवरचा प्रीमियम दोन-चार पैसे इकडेतिकडे असतोच, म्हणजे तुम्हाला फुकटचा पैसा सापडला असं नाही. आपल्याकडे कोणीही उठून हवे तेवढे डॉलर कर्जाने आणून रुपयात लावू शकत नाही, त्यामुळे बाजार ताणून सूत्रावर आणणारं कोणी मोकळं नसतं आणि इम्पोर्टर-एक्स्पोर्टरच्या मागणीप्रमाणे प्रीमियम हलतो. त्यात स्क्रीनचा भाव बँकाबँकांमधला असतो, तुमच्या भावातून बँक मार्जिन कापणारच. मार्जिनवर घासाघीस करा, ती करायलाच पाहिजे, सूत्रावर करू नका.

आता दुसरी, माझी लाडकी. आर्बिट्राजचं गणित करताना व्याजदर कुठला घ्यायचा? वर्गात शिकवतात तो ट्रेझरी बिलाचा वगैरे ठीक आहे, पण तुम्ही सरकार नाही. एक्स्पोर्टरकडे खरे दोन रस्ते असतात. एक, फॉरवर्ड विकायचा आणि ९० दिवस थांबायचं. दोन, शिपमेंट झाल्यावर तेच बिल बँकेत डॉलरमध्ये डिस्काउंट करायचं, म्हणजे त्यावर डॉलरचं कर्ज उचलायचं, ते डॉलर आजच्या भावाने विकायचे, रुपये आज हातात, आणि ग्राहकाचं पेमेंट आलं की ते परस्पर बँकेच्या डॉलरच्या कर्जात जातं. दुसऱ्या रस्त्यातही डॉलरचा भाव लॉक झालाच, फॉरवर्ड न घेता झाला.

एक लाख डॉलरचं बिल धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बँकेचे तुम्ही घाला. फॉरवर्डने मार्जिन जाऊन ८४.३२ मिळतात, म्हणजे ९० दिवसांनी ८४,३२,०००. डिस्काउंटिंगचा दर सव्वासहा टक्के, बँक व्याज आधीच कापते, म्हणजे हातात ९८,४३७.५० डॉलर, ते ८३.९६ ने विकले की आज ८२,६४,८१२ रुपये. आता आजचे रुपये आणि ९० दिवसांनंतरचे रुपये शेजारी ठेवून 'फॉरवर्डमध्ये एक लाख सदुसष्ट हजार जास्त' म्हणणारे महाभाग आहेत, त्यांना नमस्कार. आजचे रुपये ९० दिवस पुढे न्यावे लागतात, आणि कुठल्या दराने नेता त्यावर सगळा निकाल फिरतो.

एफडीच्या साडेसहा टक्क्याने नेले तर ८३,९७,२७६ होतात, म्हणजे फॉरवर्ड जवळजवळ ३५ हजारांनी बरा. पण कारखान्याची सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट उचल, साडेनऊ टक्क्याने वापरात असेल तर आलेले रुपये सीसीत भरून तेवढं व्याज वाचतं, आणि मग ८४,५८,४१३ होतात, म्हणजे डिस्काउंटिंग २६ हजारांनी पुढे. बिल तेच, बँक तीच, भाव तेच, निकाल उलटा. बरोबरी साधारण ८.२ टक्क्यांवर होते. तुमचा रुपया त्यापेक्षा महाग असेल तर डिस्काउंट करा, स्वस्त असेल तर फॉरवर्ड. मी ब्रेक-इव्हनचा हा एकच आकडा काढतो आणि पेन्सिलने बिलाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, बाकी एक्सेलची सोळा पानं तुम्हाला लखलाभ. फक्त प्रोसेसिंग चार्ज आणि हँडलिंग त्यात धरा, छोट्या बिलावर तेच फायदा खाऊन टाकतात.

आणि आता यातूनच जन्मलेली महागडी चूक. अंबडचा एक पार्टवाला, माणूस हुशार, मशिनिंगमध्ये त्याचा हात कोणी धरणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डॉलर ८४ च्या आसपास होता, त्याने अमेरिकेच्या लाख डॉलरच्या इनव्हॉइसवर जानेवारी मध्याचा फॉरवर्ड ८४.३२ ला स्वतः बुक केला, एका बँकेत. नंतर दिवाळीचा बोनस, जीएसटी, स्टीलवाल्याचा तगादा, म्हणून अकाउंटंटने तेच इनव्हॉइस दुसऱ्या बँकेत डॉलरमध्ये डिस्काउंट केलं. मालकाला वाटलं बिल म्हणजे कर्ज, फॉरवर्ड म्हणजे विमा, दोन्ही वेगळ्या गोष्टी. पण डॉलर एकच लाख होते आणि विकले गेले दोनदा!

जानेवारीत पेमेंट आलं, ते सरळ डिस्काउंटिंगच्या कर्जात गेलं. मग पहिल्या बँकेचा फोन, फॉरवर्ड ड्यू आहे, डॉलर कधी देताय? डॉलर होतेच कुठे. रुपया तोवर साडेशहाऐंशीपर्यंत घसरलेला. फॉरवर्ड कॅन्सल करायचा म्हणजे बँकेकडून ८६.५५ ने डॉलर घेऊन ८४.३२ ने परत विकल्यासारखं, डॉलरमागे २ रुपये २३ पैसे, एकूण २ लाख २३ हजार, वर चार्जेस. मला फोन करून म्हणतो, "भाऊ, रुपया पडला तर एक्स्पोर्टरला फायदा होतो ना?" होतो, विकायला डॉलर शिल्लक असतील तर. डॉलर नसताना विकलेला फॉरवर्ड म्हणजे सट्टाच, आणि सगळ्यात वाईट हे की रुपया सुधारला असता तर याला यात नफा झाला असता आणि चूक कोणाच्या लक्षातही आली नसती, पुढच्या वर्षी दोन लाख डॉलरवर केली असती.

बिल डिस्काउंट केलं त्याच दिवशी फॉरवर्ड कॅन्सल केला असता तर काही हजारांत सुटला असता, तेव्हा भाव फारसा हललाच नव्हता. म्हणून माझी सवय जुनाट आहे: इनव्हॉइसच्या कॉपीवर लाल पेनने 'फॉरवर्ड' किंवा 'डिस्काउंट' असं लिहायचं, दोन्ही कधीच नाही, आणि ही कॉपी मालक आणि अकाउंटंट दोघांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बँकेत काही पाठवायचं नाही. सॉफ्टवेअर आहे म्हणतात आजकाल, असेल, पण दोन बँकांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलत नाहीत.

पॅकिंग क्रेडिट, म्हणजे शिपमेंटच्या आधीचं कर्ज, डॉलरमध्ये घेतलं असेल तरी हेच लागू, तेही एक्स्पोर्टच्या पैशातूनच फिटतं. तिथे फॉरवर्ड फक्त उरलेल्या रकमेवर.

कांदेवाल्यांसाठी वेगळं. ऑर्डर हातात नसताना, नुसत्या अंदाजावर पूर्ण सीझनचा फॉरवर्ड मारू नका. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली तेव्हा लासलगावच्या बाजारात काय झालं ते सगळ्यांना माहितीये, माल जाणारच नसेल तर फॉरवर्डला द्यायला डॉलर येणार कुठून. आणि अंदाजी एक्स्पोर्टवरचा फॉरवर्ड कॅन्सल करून नफा झाला तरी तो लगेच हातात पडत नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या व्यवहाराचा पैसा येईल तेव्हाच मिळतो. तोटा मात्र लगेच.

द्राक्षवाल्यांनो, इनव्हॉइसच्या शंभर टक्क्यांवर फॉरवर्ड नको. रॉटरडॅमला कंटेनर उघडला की क्वालिटी क्लेम येतो आणि रक्कम कमी होते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी ७०-७५ टक्क्यांवर थांबतो. युरोचा भाव युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया असा दोन पायांवर बनतो, म्हणून डॉलरचा प्रीमियम युरोला चिकटवू नका.

ऑप्शन पिरियड महिनाभराचा मागितला, म्हणजे १ ते ३१ मार्चमध्ये कधीही डॉलर देईन असं, तर प्रीमियम १ मार्चपर्यंतचाच मिळतो, ३१ चा नाही. पेमेंटची तारीख पक्की असेल तर ती सवलत उगाच विकत घेऊ नका.

शेवटची, पेमेंट लेट होणं. ग्राहक महिनाभर लांबवणार असं दिसलं की ड्यू डेटच्या आधी बँकेला कळवा, गप्प बसलात तर बँक थोड्या दिवसांत आपणच कॅन्सल करते आणि भाव त्या दिवशीचा लागतो. एक्स्टेन्शन म्हणजे जुना भाव पुढे ढकलणं असं समजतात लोक, तसं नसतं. जुना फॉरवर्ड आजच्या भावाने कॅन्सल होतो, नवीन आजच्या भावाने बुक होतो, आणि मधला फरक आत्ता रोख भरावा लागतो, ग्राहकाचे डॉलर येतील तेव्हा येतील. डॉलर दोन रुपयांनी वर गेला असेल तर लाखाच्या बिलाला दोन लाख आज मोजा. नवीन फॉरवर्ड वरच्या भावाने असल्यामुळे ते नंतर बरेचसे भरून येतात, पण मधला महिना सीसीवर बसतो, म्हणून लेट पेमेंट करणाऱ्या ग्राहकाच्या बिलाला मी ड्यू डेट बिलावरची लावत नाही, तो खरंच ज्या दिवशी देतो ती लावतो, मागच्या तीन पेमेंटच्या तारखा बघून.