ॲपमध्ये मराठी नाही, तरी इको स्पीकर असा जोडा

फोन मराठीत असला तरी इको स्पीकर चालवणारं अलेक्सा ॲप इंग्रजीत उघडतं. बिघडलेलं काही नसतं, ॲपच्या भाषांच्या यादीत मराठीच नाही. ॲपची भाषा आणि स्पीकरची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ इथेच होतो.

आधी स्पीकर प्लगला लावा, नारिंगी दिवा फिरू लागला की ॲपमधून वाय-फायला जोडा. दिवा नारिंगी होत नसेल, तर ठिपक्याचं बटण तो होईपर्यंत दाबून धरा. मग ॲपच्या Devices मध्ये आपला स्पीकर निवडा, सेटिंगचं चक्र दाबा आणि Language मध्ये जा. भारतात घरात दोन्ही भाषा चालत असतील, तर इंग्रजी-हिंदी एकत्र असलेला पर्याय घ्या. आजींना हिंदीत बोलता येतं, मुलांना इंग्रजीत.

स्पीकरला जोडलेल्या घरातल्या स्मार्ट दिव्यांची नावं मात्र विचारपूर्वक ठेवा. ‘माजघर’ हे नाव स्पीकरला ओळखता येईलच असं नाही. Hall Light असं साधं नाव द्या आणि एकदा मोठ्याने म्हणून बघा. दोनदा ‘समजलं नाही’ म्हणाला, तर उच्चार सुधारत बसू नका, नावच बदला.