ईओक्यू काढताय? मग खरेदीत या चुका टाळा

ईओक्यू म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी: एका वेळी किती माल मागवला की ऑर्डरीचा आणि साठ्याचा मिळून खर्च सगळ्यात कमी येतो, तो आकडा. त्याचा फॉर्म्युला बीकॉम-एमबीए केलेल्या बहुतेकांना पाठ असतो. पण कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये बसून खरंच ऑर्डर काढायची वेळ आली की एकतर कोणी तो उघडतच नाही, नाहीतर आलेला आकडा दगडावरची रेघ समजून तसाच परचेस ऑर्डरवर टाकतात. दोन्हीकडं पैसे जातात, फक्त दुसऱ्या प्रकारात ते गेलेले लवकर कळत नाहीत.

फॉर्म्युला हा असा, फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसानं 1913 मध्ये मांडलेला:

```
Q = √(2 × D × S / H)
```

Q म्हणजे एका ऑर्डरीत मागवायचे नग, D म्हणजे वर्षाला लागणारे नग, S म्हणजे एक ऑर्डर टाकायचा खर्च, H म्हणजे एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च. आता समजा कुपवाडात हळद पावडरचं युनिट आहे, वर्षाला 12,000 कोरोगेटेड खोकी लागतात, एक खोकं 25 रुपयाला. कॅश क्रेडिटचं व्याज, जागा, इन्शुरन्स धरून सांभाळायचा खर्च 24 टक्के, म्हणजे खोक्यामागं वर्षाला 6 रुपये. टेम्पोचं भाडं 1,350 आणि सॅम्पल चेकिंग, कागदपत्रं, फोन यांचे 150, असा S झाला 1,500. उत्तर येतं 2,449 खोकी.

पहिली चूक: S मध्ये पगार घुसडणं

परचेसवाल्याचा महिन्याचा पगार 20,000, तो महिन्याला 20 ऑर्डरी टाकतो, मग ऑर्डरमागं 1,000 धरा, असं गणित बरेच जण करतात, आणि मग S 2,500 होतो न् ईओक्यू 3,162 वर जातो. पण एक ऑर्डर कमी टाकली म्हणून त्याचा पगार 1,000 नं कमी होणार आहे का? नाही ना. मग तो S मध्ये येत नाही. एक ऑर्डर वाढली तर खिशातून जादा किती जातात, तेवढंच धरायचं. हमालीचंही बघून घ्या: नगावर असेल तर ती किमतीत जाते, S मध्ये नाही, कारण चार वेळा उतरवा नाहीतर एकदम उतरवा, पैसे तेवढेच. गोडाऊन स्वतःचं असेल आणि निम्मं रिकामंच पडलेलं असेल तर H मध्ये भाडं धरणंही ह्याच जातीची चूक.

दुसरी चूक: टेम्पोत किती बसतं ते न बघणं

ही सगळ्यात महागाची, आणि बऱ्याच पुस्तकांत हिला एक ओळसुद्धा मिळत नाही. मॉडेल गृहीत धरतं की ऑर्डर 100 ची असो वा 10,000 ची, S तोच राहतो. पण आपल्या टेम्पोत घडी केलेली 2,000 खोकी बसतात. 2,449 मागवली की वरच्या 449 साठी दुसरा टेम्पो, म्हणजे भाडं 2,700, आणि हा टेम्पो जवळजवळ रिकामा येतो.

हिशोब करून बघा. एकाच टेम्पोत आलं असतं तर 2,449 च्या ऑर्डरीवर वर्षाचा ऑर्डर आणि साठ्याचा खर्च मिळून साधारण 14,700 रुपये झाला असता. दोन टेम्पो लागले की तोच 21,300 च्या आसपास जातो. आणि गुमान 2,000 मागवली तर? वर्षात सहा ऑर्डरी, त्यांचे 9,000, साठ्याचे 6,000, एकूण 15,000. म्हणजे कागदावरच्या 'बेस्ट' आकड्यापासून 449 खोकी खाली आलो तर जेमतेम 300 रुपये जादा, आणि त्याच आकड्याला चिकटून बसलो तर 6,300 रुपयाचा खड्डा.

हे असं होतं कारण खर्चाचा ग्राफ तळाला अगदी सपाट असतो. ऑर्डर दीडपट झाली तरी हा खर्च आठ-साडेआठ टक्केच वाढतो, दुप्पट केली की 25 टक्के. त्यामुळं ईओक्यूचं उत्तर 'दोन-अडीच हजाराच्या आसपास' असं वाचायचं आणि मग टेम्पो, बंडल, सप्लायरची मिनिमम ऑर्डर ह्यांच्याशी जुळवून घ्यायचं.

तिसरी चूक: डिस्काउंट दिसला की भुलणं, किंवा ईओक्यूच्या नावाखाली तो सोडून देणं

खोकीवाला म्हणतो, "शेठ, सहा हजार घ्या, पाच टक्के सोडतो." फॉर्म्युल्यात किंमत कायम एकच धरलेली असते, त्यामुळं तो इथं काहीच सांगू शकत नाही, एकूण खर्च शेजारी-शेजारी मांडायला लागतो. किंमत 23.75 झाली, वर्षाला 15,000 वाचले. टेम्पो तेवढेच सहा, कागदपत्रं दोनदाच, मिळून 8,400. साठा सरासरी 3,000 खोक्यांचा, खोक्यामागं आता 5.70, म्हणजे 17,100. एकूण 25,500, आधीपेक्षा 10,500 जास्त. निव्वळ फायदा 4,500. वाईट नाही.

पण ही ऑर्डर जूनमध्ये आली तर गोष्ट फिरते. कोरोगेटेड खोकं दमट हवेत पाणी ओढतं, मऊ पडतं, थप्पी लावली की खालचं बसतं, आणि भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवलेला लॉट तर आधी जातो. आपल्या 24 टक्क्यात हे नुकसान धरलेलंच नाही. 200 खोकी वाया गेली की 4,750 रुपये गेले, म्हणजे डिस्काउंट संपला. तोच सौदा दिवाळीनंतर करा, चालतोय की.

चौथी चूक: कधी मागवायचं ते ईओक्यूला विचारणं

"ईओक्यूनं मागवूनसुद्धा माल संपला" ही तक्रार आली की आधी हे तपासा. ईओक्यू फक्त 'किती' सांगतो. 'कधी' साठी रोजचा खप आणि माल यायला लागणारे दिवस लागतात. आपल्या युनिटला दिवाळीआधीचे दोन महिने 2,000-2,000 खोकी लागतात आणि उरलेले दहा महिने 800. वर्षाची सरासरी 1,000 धरून बसलात तर दहा महिने साठा जास्त आणि ऐन सीझनला लाइन बंद.

इथं लोक घाबरून सीझनला दोन-तीन टेम्पो एकदम भरून घेतात. काही गरज नाही, कारण भाडं टेम्पोमागं आहे, एकदम मागवून वाचतात फक्त कागदपत्रांचे 150, आणि 2,000 खोकी महिनाभर आधी आणून ठेवायला 1,000 रुपये लागतात. ऑर्डर एका टेम्पोचीच ठेवा, बदला तो रीऑर्डरचा आकडा. एरवी रोज 27 खोकी जातात, माल दहा दिवसात येतो, तर 270 उरली की फोन. सीझनला रोज 67 जातात म्हणजे 670. आणि त्याच वेळी खोकीवाल्याकडं पण सगळ्यांची गर्दी असते, दहाचे वीस दिवस झाले तर 1,340. वर चार-पाच दिवसाचा खप सेफ्टी म्हणून, कारण मॉडेलमध्ये सप्लायर कधीच उशीर करत नाही, आपला करतो.

आणि कृपा करून हाच फॉर्म्युला कच्च्या हळदीला लावू नका. सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद ठराविक महिन्यात येते, भाव सौद्यात ठरतो न् रोज हलतो. तिथं प्रश्न असतो भाव वाढेल का आणि तेवढे महिने पैसे अडकवायला परवडतात का, आणि ह्यातलं काहीच D, S, H मध्ये नाही.