पाच महिन्यांचं पासबुक बघून राजीनामा देऊ नका

"साइडचं काम पगाराच्या वर गेलंय, सोडू का नोकरी?" असं कोणी विचारलं की मी विचारतो, कोणत्या महिन्यापासून मोजताय? उत्तर बहुतेकदा 'जानेवारीपासून'.

मीही तेच केलं होतं. फोटोग्राफर लोकांना लग्नाचे अल्बम डिझाइन करून द्यायचो. जानेवारी ते मे दर महिन्याला सरासरी ६५ हजार जमा, पगार हातात ४६ हजार. जूनमध्ये राजीनामा टाकला. मग आली आषाढी. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, हे जन्मापासून माहीत असलेलं गणित मी हिशोबातच धरलं नव्हतं. जुलै ते ऑक्टोबर महिन्याला कसेबसे १२ हजार. गणपतीत मेहुण्याकडून उसने घेतले, दिवाळीनंतर पुन्हा नोकरी धरली.

नंतर वही काढून बसलो. बारा महिन्यांत जमा ४ लाख ७३ हजार, म्हणजे महिना ३९ हजार. त्यातून सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, वीज आणि मदतनीस पोराचे मिळून ९ हजार गेले, उरले ३० हजार. आणि वर्षाच्या जमेतले २ लाख एकाच स्टुडिओचे! तो वगळला तर महिना जेमतेम १४ हजार. त्या स्टुडिओवाल्याने मुलाला डिझाइन शिकवलं असतं तर माझा धंदा संपला होता.

म्हणून माझी सवय अशी: पूर्ण बारा महिने, फक्त खात्यात आलेले पैसे, खर्च वजा, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक वगळून. पाठवलेलं बिल म्हणजे पैसे नव्हेत. आमच्यात नवऱ्यामुलाकडून पैसे आले की मगच फोटोग्राफर देतो, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. एवढं करून उरलेल्या पैशांत घरखर्च निघत नसेल तर थांबा. निघतोय असं वाटलं, तरी मंदीचे तीन महिने पगाराला हात न लावता घर चालवून बघा. सीझनमध्ये केलेली चाचणी मी धरत नाही.

सोडण्याआधी शिल्लक किती हवी? माझा घरखर्च हप्त्यासकट ३२ हजार. मी आठ महिने धरले: चार मंदीचे, दोन अडकलेल्या बिलांचे, दोन आजारपणाचे किंवा मशीन बिघडल्याचे. म्हणजे २ लाख ५६ हजार, वेगळ्या एफडीत. पीएफ यात धरायचा नाही. 'लागलंच तर पीएफ आहे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण बीपी-शुगरसारख्या आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

घराचं कर्ज काढायचं असेल तर तेही आधीच. नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

आणि फीवर कापलेला १० टक्के टीडीएस म्हणजे सगळा कर भरला असं नाही. १५ मार्चला, आगाऊ कराच्या शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मला ते कळलं, तेव्हा खात्यात ४ हजार होते.