या चुका टाळा : ॲट्रिब्युशनच्या प्रश्नात ‘नेहमी’ दिसले की घाई नको

ऑर्गनायझेशनल बिहेवियरच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत सर्वाधिक गुण ॲट्रिब्युशनवर, म्हणजे वर्तनाचे कारण माणसात आहे की बाहेर हे ठरवण्याविषयीच्या हॅरॉल्ड केली यांच्या 1967 च्या मांडणीवर, गमावले जातात, आणि त्याला बहुतांशी गाइडमधील एक ओळ कारणीभूत असते : ‘कन्सिस्टन्सी जास्त असेल तर कारण अंतर्गत.’ ही ओळ अर्धीच खरी आहे.

तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी चाचणीत असा प्रश्न दिला होता. जिनिंगमधील एका कामगाराचे चार नंबरच्या मशीनवरील उत्पादन नेहमीच कमी येते. इतर मशीनवर त्याचे काम चोख असते. चार नंबरवर बसणाऱ्या इतर कामगारांचेही उत्पादन कमीच येते. जवळजवळ संपूर्ण वर्गाने ‘कामगार आळशी’ या अर्थाचा पर्याय निवडला, आणि एकाने तर ‘सर, नेहमीच लिहिलं आहे ना’ असे म्हणून वाद घातला. त्याने पहिले वाक्य वाचले होते, पुढची दोन नाही.

‘नेहमीच’ हा शब्द कन्सिस्टन्सी दाखवतो, म्हणजे त्याच परिस्थितीत तेच वर्तन पुन्हा पुन्हा घडते, एवढेच त्यातून कळते. दोष माणसाचा की मशीनचा, हे उरलेली दोन वाक्ये सांगतात. इतर मशीनवर काम चोख आहे, म्हणजे डिस्टिंक्टिव्हनेस जास्त. इतरांनाही तोच त्रास होतो, म्हणजे कन्सेन्सस जास्त. तिन्ही जास्त असल्यामुळे कारण बाह्य, म्हणजे मशीन. याउलट इतरांना चार नंबरवर काहीच अडचण नसती आणि हा कामगार प्रत्येक मशीनवर मागे पडत असता, तर कारण त्याच्यात शोधावे लागले असते, आणि कन्सिस्टन्सी तेव्हाही जास्तच असती. मात्र एखाद्याच दिवशी उत्पादन घटले असते, तर त्या दिवसाच्या परिस्थितीकडे, समजा वीजपुरवठ्याकडे किंवा ओल्या कापसाकडे, बोट दाखवणे योग्य ठरले असते.

माझी सवय अशी की पर्यायांवर हात ठेवून आधी समासात तीन प्रश्न लिहावेत : इतर माणसांचे काय, इतर कामांत काय, इतर वेळी काय. ज्यांना एवढाही धीर नसतो, ते कन्सेन्सस आणि कन्सिस्टन्सी यांची अदलाबदल करतात.

हॅलो इफेक्ट आणि स्टिरिओटायपिंग यांतील घोळ एका कसोटीवर सुटतो. पर्यवेक्षकाने व्यक्तीच्या एका गुणावरून, उदाहरणार्थ नीटनेटक्या अक्षरावरून, तिच्या हिशेबाविषयीही चांगले मत बनवले तर तो हॅलो इफेक्ट; ‘त्या गावचे लोक असेच’ म्हणून व्यक्तीला न पाहताच मत बनवले तर ते स्टिरिओटायपिंग.

दुसऱ्याच्या चुकीत परिस्थिती न पाहता स्वभाव पाहणे ही फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर. स्वतःच्या यशाचे श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष पावसाला देणे हा सेल्फ-सर्व्हिंग बायस. प्रश्नात कोण कोणाविषयी बोलतो आहे, ते आधी पाहावे.