पाटीवरचं एक अक्षर : माझा अनुभव

आमच्या कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला नवी पाटी लागली. एसीपी शीटवर लाल ॲक्रिलिकची अक्षरं, पण इंग्रजी ‘स्टेशनरी’त आठवं अक्षर ‘ई’ हवं तिथे ‘ए’. ही चूक भल्याभल्यांची होते.

गिऱ्हाइकांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून चिठ्ठी लिहिली आणि दुपारी दुकान रिकामं असताना काकांच्या हातात दिली :

‘काका, सप्रेम नमस्कार. पाटी झकास झाली आहे, लांबूनही वाचता येते. फक्त इंग्रजी शब्दात आठवं अक्षर ‘ए’ऐवजी ‘ई’ हवं. अख्खा शब्द खाली मोठ्या लिपीत लिहिला आहे. अक्षरं सुटी चिकटवलेली आहेत, त्यामुळे एवढं एकच बदलता येईल. पाटीवाल्याचे पैसे चुकते करण्याआधी सांगितलंत तर बरं. बिलबुकं छापायला दिली असतील तर तीही बघा.’

काकांनी आधी व्हॉट्सॲपवर आलेलं डिझाइन काढलं. चूक त्यातच होती आणि त्यांनी ‘ओके’ पाठवलेलं. तरी पाटीवाल्याने फक्त नव्या अक्षराचे पैसे घेतले. त्याने ‘ए’च्या मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत टेप कापला, डाग पुसून ‘ई’ बसवलं. ‘ई’ थोडं अरुंद, त्यामुळे बाजूला किंचित फट दिसते. फ्लेक्स असता तर ठिगळ उठून दिसलं असतं, नवाच छापावा लागला असता. बिलबुकं मात्र छापून झाली होती. ती तशीच वापरताहेत.